जिनिंग युनिटने खरंच कमावलं का? करानंतरचा नफा आणि भांडवलभार यांवरून ईव्हीए काढण्याची पद्धत

खानदेशात एकाच कंपनीच्या छताखाली दोन-तीन धंदे चालणं नवीन नाही. धरणगाव किंवा बोदवडकडे जिनिंग-प्रेसिंग, जळगाव एमआयडीसीत डाळ मिल, शिवाय एखादं गोदाम. वर्षअखेरीला सीए एकच नफा-तोटा पत्रक हातात देतात. मग घरातल्या पुढच्या पिढीचा कुणीतरी टॅलीत कॉस्ट सेंटर लावून प्रत्येक युनिटचा नफा वेगळा काढतो, आणि जिनिंगचा नफा डाळ मिलपेक्षा जास्त दिसला की पुढच्या वर्षीचा पैसा जिनिंगमध्ये घालायचं ठरतं.

हा निर्णय चुकू शकतो, कारण त्या नफ्यासाठी किती पैसा किती महिने अडकून पडला होता ते नफ्याच्या आकड्यात दिसत नाही. बँकेच्या पैशाचं व्याज खर्चात पडतं, पण घरच्या पैशाचा मोबदला कुठेच पडत नाही. ही उणीव भरून काढणारा आकडा म्हणजे आर्थिक मूल्यवर्धन, म्हणजेच ईव्हीए. करानंतरच्या धंद्याच्या नफ्यातून वापरलेल्या सगळ्या भांडवलाचा, बँकेच्याही आणि मालकाच्याही, भार वजा केला की जे उरतं ते ईव्हीए. कल्पना जुनी आहे. 'ईव्हीए' हे नाव आणि त्याची आजची मांडणी न्यूयॉर्कच्या स्टर्न स्टुअर्ट या सल्लागार कंपनीने रूढ केली. आपल्याकडे इन्फोसिस आणि हिंदुस्थान युनिलिव्हर यांनी आपल्या वार्षिक अहवालांत हा आकडा छापलेला आहे.

```
EVA = NOPAT - (Capital × Rate)
```

यातला `NOPAT` म्हणजे करानंतरचा धंद्याचा नफा, `Capital` म्हणजे युनिटमध्ये गुंतलेलं सरासरी भांडवल आणि `Rate` म्हणजे त्या भांडवलाचा वार्षिक दर. सूत्र एका ओळीचं आहे. अडचण येते ती 'सरासरी' या शब्दापाशी, आणि जिनिंगसारख्या हंगामी धंद्यात त्या एका शब्दावर उत्तराचं चिन्हच उलटतं. म्हणून खाली जिनिंगचंच उदाहरण घेतलं आहे. आकडे समजावण्यासाठी मांडलेले आहेत, ते कुठल्या एका फॅक्टरीचे नाहीत. सगळे आकडे लाख रुपयांत आहेत.

## आधी हे कागद जमवा

- युनिटनिहाय नफा-तोटा पत्रक. नसेल तर टॅलीतून कॉस्ट सेंटरनुसार काढलेला ट्रायल बॅलन्स.
- स्थावर मालमत्तेचं रजिस्टर: कुठलं यंत्र, कुठली इमारत कुठल्या युनिटची, आणि घसारा वजा जाता पुस्तकी किंमत.
- बँकेला दर महिन्याला दिलेली स्टॉक स्टेटमेंट, एप्रिल ते मार्च, बाराच्या बारा.
- कॅश क्रेडिट आणि मुदत कर्जाची मंजुरीपत्रं, म्हणजे व्याजाचा दर हाती राहील.
- मागच्या दोन वर्षांचे ताळेबंद आणि कर भरल्याचं विवरण.

यांत सर्वांत मोलाची आहेत ती स्टॉक स्टेटमेंट. बँकेत दिली की ती फाइलला लागतात आणि विसरली जातात. पण हंगामात भांडवल कसं चढलं आणि कसं उतरलं याची तयार नोंद त्यांच्यातच असते.

## १. युनिटची हद्द ठरवा

जिनिंग युनिट म्हणजे नेमकं काय, हे पहिल्यांदा लिहून काढा. जिन मशीन, प्रेस, शेड आणि कापसाचं आवार हे तर येतंच. वजनकाटा दोन्ही युनिटं वापरतात का? जळगावच्या ऑफिसचा खर्च आणि तिथला हिशेबनीस यांचा वाटा कसा पाडायचा? नियम काहीही ठेवा, मग तो उलाढालीवर असो, माणसांच्या संख्येवर असो की वापरलेल्या तासांवर. मात्र तो दरवर्षी तोच ठेवा आणि खर्चाचा वाटा ज्या प्रमाणात टाकाल त्याच प्रमाणात त्या सामाईक मालमत्तेची किंमतही टाका. खर्च जिनिंगवर आणि मालमत्ता डाळ मिलवर, असं झालं तर दोन्ही उत्तरं वाकडी येतात.

जागेचा प्रश्न हमखास येतो. शेड ज्या प्लॉटवर उभी आहे तो पुष्कळदा कंपनीच्या नव्हे, काकांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतो आणि भाडं कुणी घेत नाही. अशा वेळी बाजारभावाचं भाडं खर्चात धरा. किंवा प्लॉटची किंमत भांडवलात धरा. दोन्ही धरलं तर एकाच जागेचा भार दोनदा पडतो, आणि काहीच धरलं नाही तर जागा फुकट ठरते.

सीसीआयचं, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचं, काम घेतलं असेल तर ते वेगळं ओळखा. हमीभावाने खरेदी केलेला तो कापूस तुमच्या आवारात पडलेला असला तरी तुमचा नाही, त्यात तुमचा पैसा अडकलेला नाही. त्या कामाची प्रक्रिया-मजुरी नफ्यात येईल, पण तो साठा भांडवलात येणार नाही.

## २. धंद्याचा नफा काढा: व्याजाआधीचा, इतर उत्पन्न वगळून

आपल्या उदाहरणातल्या युनिटने हंगामात सुमारे ५०,००० क्विंटल कापूस घेतला, म्हणजे साधारण १०,००० गाठींचं काम. पत्रक असं दिसतं:

| बाब | लाख रु. |
|---|---|
| रुई आणि सरकीची विक्री | ३,७२० |
| वापरलेला कापूस | ३,४२० |
| मजुरी, वीज, बारदान, दुरुस्ती वगैरे | १५२ |
| घसारा | २० |
| मुख्य ऑफिसचा वाटा | १४ |
| व्याज आणि बँकेचे आकार | ४२ |
| इतर उत्पन्न (जमा) | ९ |
| करपूर्व नफा | ८१ |

यातून दोन दुरुस्त्या करायच्या. ४२ लाख व्याज परत मिळवायचं, कारण बँकेच्या पैशाचा मोबदला आपण पुढे भांडवलभारात धरणार आहोत. इथेही कापला आणि तिथेही कापला तर तो दोनदा जाईल. दुसरी दुरुस्ती इतर उत्पन्नाची. त्या ९ लाखांत ६ लाख जुनी जिन मशीन विकल्याचा फायदा आहे आणि ३ लाख बँकेत ठेवलेल्या मुदत ठेवीचं व्याज. कापसातून सरकी काढून आणि गाठी बांधून ते आलेले नाहीत, म्हणून वजा करायचे. मुदत ठेव काढली की भांडवलातूनही ती ठेव काढायला विसरू नका.

८१ + ४२ − ९ = ११४. हा करपूर्व धंद्याचा नफा झाला.

भागीदारी फर्म असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. भागीदारांच्या भांडवलावर दिलेलं व्याज (आयकरात ते १२ टक्क्यांपर्यंत मान्य होतं) खर्चात टाकलेलं असतं. ते मालकाच्या पैशाचंच भाडं आहे, म्हणून तेही परत मिळवा. भागीदाराचा पगार मात्र, तो खरोखर फॅक्टरीत उभा राहून काम करत असेल तर, खर्चातच राहू द्या. कुणी पगार घेतच नसेल तर त्या कामाला बाहेरचा मॅनेजर किती घेईल तेवढी रक्कम खर्चात धरा.

## ३. कर लावा, पण भरलेला कर नव्हे

इथे पुष्कळ जण आयकराच्या चलनावरचा आकडा उचलतात. तो चालत नाही. भरलेला कर व्याजाची वजावट घेऊन झालेला असतो, त्यात मागच्या वर्षाचा समायोजित तोटा असू शकतो, दुसऱ्या युनिटचा नफाही असतो. आपल्याला हवा तो कर म्हणजे हा ११४ लाखांचा नफा एकटा असता आणि कर्ज नसतं तर जो पडला असता तो.

कंपनीने कलम ११५बीएएचा पर्याय घेतलेला असेल तर २२ टक्के कर, त्यावर १० टक्के अधिभार आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून २५.१६८ टक्के होतात. भागीदारी फर्मला उपकरासह ३१.२ टक्के, आणि उत्पन्न एक कोटीच्या वर गेलं तर अधिभार वेगळा. आयकराचा नवा कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून ज्या वर्षाचा हिशेब करता त्या वर्षाचा दर सीएंकडून नक्की करून घ्या.

११४ वर २५.१६८ टक्के म्हणजे २८.७. करानंतरचा धंद्याचा नफा ८५.३ लाख.

हा आकडा उलट बाजूनेही तपासता येतो, आणि तपासावाच. करपूर्व ८१ वर २०.४ कर गेला की ६०.६ उरतात. त्यात व्याजाचा करानंतरचा भाग, म्हणजे ४२ गुणिले ०.७४८३, अर्थात ३१.४ मिळवा. इतर उत्पन्नाचा करानंतरचा भाग ६.७ वजा करा. पुन्हा ८५.३ आले पाहिजेत. आले नाहीत तर बहुधा व्याज पूर्ण ४२ मिळवलं गेलंय आणि त्यावरची कराची बचत नफ्यात शिरली आहे. ती बचत पुढे दरात धरायची असते, इथे नाही.

## ४. भांडवल मोजा: ३१ मार्चचं नव्हे, बाराही महिन्यांचं

युनिटचं भांडवल म्हणजे स्थावर मालमत्तेची पुस्तकी किंमत अधिक खेळतं भांडवल. स्थावर सोपं आहे: वर्षाच्या सुरुवातीला ३१०, घसारा २०, अखेरीला २९०, सरासरी ३००. उभारणी सुरू असलेलं, अजून चालू न झालेलं यंत्र यात धरू नका. ते चालू होईल त्या महिन्यापासून धरा.

खेळतं भांडवल म्हणजे साठा अधिक येणी, वजा बिनव्याजी देणी. बिनव्याजी देणी म्हणजे बारदानवाल्याचे थकलेले पैसे, सूतगिरणीने दिलेली उचल, वीजबिल. त्यांचा मोबदला मालाच्या भावातच आलेला असतो, म्हणून ती वजा होतात. कॅश क्रेडिट मात्र वजा करायचं नाही, ते भांडवलच आहे. शेतकऱ्याला तर पैसे रोखीने किंवा दोन-चार दिवसांत द्यावे लागतात, त्यामुळे जिनिंगमध्ये देण्यांचा आधार फार थोडा. कापूस घेतल्या क्षणापासून रुईचा पैसा येईपर्यंतचा सगळा भार आपल्याच अंगावर असतो.

आता नेहमीची पद्धत अशी: मागच्या ३१ मार्चचं खेळतं भांडवल २४०, या ३१ मार्चचं २६०, सरासरी २५०. पुस्तकात सगळीकडे हेच लिहिलेलं असतं आणि बाराही महिने सारखा चालणाऱ्या धंद्याला ते पुरतं. पण आपल्याकडे दसऱ्याच्या आसपास नवा कापूस येऊ लागतो, डिसेंबर-जानेवारीत आवारात गंजी लागलेल्या असतात आणि मार्चअखेर बराच माल निघून गेलेला असतो. ३१ मार्चला फोटो काढला तर अंगण जवळपास मोकळं दिसतं.

स्टॉक स्टेटमेंटवरून महिनाअखेरचे आकडे मांडले तर चित्र असं येतं:

| महिनाअखेर | खेळतं भांडवल | महिनाअखेर | खेळतं भांडवल |
|---|---|---|---|
| एप्रिल | १८० | ऑक्टोबर | ४६० |
| मे | ११० | नोव्हेंबर | ९८० |
| जून | ७० | डिसेंबर | १,२९० |
| जुलै | ५० | जानेवारी | १,२४० |
| ऑगस्ट | ५० | फेब्रुवारी | ८६० |
| सप्टेंबर | ९० | मार्च | २६० |

बेरीज ५,६४०, बाराने भागली की ४७०. शीटमध्ये आकडे सी२ ते सी१३ मध्ये असतील तर एवढंच लिहायचं:

```
=AVERAGE(C2:C13)
```

एकट्या डिसेंबरकडे जवळून पाहा. कापूस ३९०, रुईच्या गाठी ६२०, सरकी १२०, मिळून साठा १,१३०. त्यात येणी २१५ मिळवली, देणी आणि उचल ५५ वजा केली, की १,२९० होतात. साठ्याचा निम्म्याहून जास्त पैसा तयार गाठींत बसलेला आहे. हा माल जिनमध्ये अडकलेला नाही, तो भावाची वाट पाहत थांबलेला आहे. हे ध्यानात ठेवा, शेवटच्या पायरीत त्याच्याकडेच परत यायचं आहे.

स्टॉक स्टेटमेंट जशीच्या तशी उचलू नका. तिच्यात चार ठिकाणी फरक असतो:

बँक बहुधा ९० दिवसांपेक्षा जुनी येणी ड्रॉइंग पॉवरसाठी, म्हणजे खात्यातून किती उचल करता येईल ते ठरवताना, धरत नाही, म्हणून ती स्टेटमेंटमध्ये वेगळी किंवा वगळलेली असतात. आपल्याला ती हवीत, पैसा त्यांतही अडकलेला आहेच. ड्रॉइंग पॉवरचा आकडा मार्जिन कापून आलेला असतो. तो घेऊ नका, वरचा पूर्ण साठा घ्या. मालाची किंमत खरेदीभावाने लावली आहे की बाजारभावाने, ते बाराही महिने एकसारखं आहे का पाहा, आणि पुस्तकांप्रमाणे करा. शेवटी, मार्चच्या स्टेटमेंटचा साठा ताळेबंदातल्या साठ्याशी जुळवा. तिथे मोठा फरक निघाला तर बाकीच्या अकरा महिन्यांवरही भरवसा ठेवता येत नाही. मग खरेदी-विक्रीच्या रजिस्टरवरून साठा स्वतः मांडावा लागेल.

महिनाअखेरचा दिवस हाही एक सापळा आहे. सूतगिरणीचं पेमेंट दर महिन्याच्या २८-२९ तारखेला येत असेल तर येणी कायम कमी दिसतील. शंका आली तर हंगामाच्या चार महिन्यांसाठी १५ तारखेचे आकडेही घ्या.

तर भांडवल दोन पद्धतींनी असं आलं: ३१ मार्चच्या पद्धतीने ३०० + २५० = ५५०, आणि बारमाही सरासरीने ३०० + ४७० = ७७०.

## ५. भांडवलाचा दर ठरवा

दर म्हणजे बँकेचा पैसा आणि मालकाचा पैसा यांची भारित सरासरी. कॅश क्रेडिट १०.५ टक्क्यांनी आहे. व्याजावर कर वाचतो, म्हणून करानंतर ते ७.८६ टक्के पडतं. मालकाच्या पैशाचा दर कुठल्याही कागदावर छापलेला नसतो, तो ठरवावा लागतो. सुरुवात अशी करा: दहा वर्षांचे सरकारी रोखे साधारण ७ टक्के देतात असं धरा. त्या पैशाला कसलीच जोखीम नाही. कापसाचा भाव, पाऊस, निर्यातीची धोरणं, आवारातली आग, एवढं सगळं अंगावर घेऊन त्याच्यावर किती जास्त मिळायला हवं? या उदाहरणात ९ टक्के धरले, एकूण १६. वर्षभराच्या सरासरीने बँकेचा आणि मालकाचा पैसा निम्मानिम्मा आहे, म्हणून दर ०.५ × ७.८६ + ०.५ × १६ = ११.९३, म्हणजे १२ टक्के.

इथली मोठी चूक म्हणजे 'कॅश क्रेडिट जिनिंगच्या नावावर आहे, म्हणून जिनिंगचा दर १०.५ टक्के' असं म्हणणं. बँकेने ती मर्यादा दिली ती मालकाचं भांडवल आणि तारण पाहून. मालकाचा पैसा मागे उभा नसता तर ती मिळाली नसती. कर्ज कुठल्या खात्यात बसलंय यावरून युनिटचा दर ठरत नाही, तो त्या धंद्याच्या जोखमीवरून ठरतो. डाळ मिलची जोखीम खूपच वेगळी वाटत असेल तर तिचा दर वेगळा ठेवा, पण कारण लिहून ठेवा.

आणि दर एकदा ठरवला की निकाल पाहून बदलू नका. वर्षाच्या सुरुवातीला ठरवायचा आणि वर्षभर तोच ठेवायचा.

## ६. वजाबाकी आणि तिचा अर्थ

| | ३१ मार्चची पद्धत | बारमाही सरासरी |
|---|---|---|
| करानंतरचा धंद्याचा नफा | ८५.३ | ८५.३ |
| भांडवल | ५५० | ७७० |
| भांडवलभार, १२ टक्के | ६६.० | ९२.४ |
| ईव्हीए | +१९.३ | −७.१ |

नफा तोच, दर तोच. भांडवल नीट मोजलं तेव्हा १९ लाखांची कमाई ७ लाखांच्या घटीत गेली. भांडवलावरचा परतावा पहिल्या पद्धतीने १५.५ टक्के दिसतो, दुसरीने ११.१. खरा कोणता? व्याजाकडे पाहिलं की कळतं. वर्षाचं ४२ लाख व्याज १०.५ टक्क्यांनी म्हणजे सरासरी ४०० लाखांच्या आसपास कर्ज. खेळतं भांडवल सरासरी २५० लाखच असतं आणि मालकाचाही तेवढाच पैसा गुंतलेला असता, तर एवढं व्याज पडलंच नसतं. तुमच्या हिशेबात ही तपासणी जरूर करा. भरलेल्या व्याजाला दराने भागा आणि येणारं सरासरी कर्ज तुम्ही काढलेल्या भांडवलाशी सुसंगत आहे का पाहा. भांडवलाच्या मानाने कर्ज फारच मोठं निघालं तर साठा कुठेतरी सुटला आहे.

उणे ७.१ याचा अर्थ युनिट तोट्यात आहे असा नाही. कर भरून, बँकेचं व्याज देऊन मालकाच्या हातात पैसा उरतोच आहे, फक्त १६ टक्क्यांची जी अपेक्षा होती तेवढा उरत नाही. आणि हे उत्तर दराला नाजूक आहे हेही मान्य करायला हवं. दर ११ टक्के धरला असता तर ईव्हीए +०.६ आला असता. म्हणून चिन्हावर भांडत बसण्यापेक्षा ११.१ टक्के परतावा हा आकडा समोर ठेवा आणि मालकाला तो पुरेसा वाटतो का ते विचारा.

शेजारी डाळ मिल ठेवून पाहा. तिचा करपूर्व धंद्याचा नफा ७० लाख, करानंतर ५२.४. भांडवल बारमाही सरासरीने ३६०, भार ४३.२. ईव्हीए +९.२. नफ्यात जिनिंगपेक्षा मागे, पण पैशाचं भाडं फेडून शिल्लक टाकणारी. दोन्ही युनिटं मिळून +२.१. सगळ्या कंपनीचा ईव्हीए स्वतंत्रपणे काढला तर हाच आकडा यायला हवा. आला नाही तर एखादा सामाईक खर्च किंवा मालमत्ता कुठल्याच युनिटला लागलेली नाही, किंवा दोन्हींना लागली आहे.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. स्थावर मालमत्ता पुस्तकी किमतीला धरल्यामुळे जुनी, घसारा संपत आलेली फॅक्टरी ईव्हीएत चांगली दिसते. नवीन यंत्रं बसवली की त्या वर्षी ईव्हीए खाली येतो, मग रुईचा दर्जा आणि उतारा सुधारला असला तरीही. त्यामुळे दोन वेगवेगळ्या वयाच्या युनिटांची तुलना करताना ईव्हीएच्या पातळीपेक्षा दरवर्षी तो किती बदलला हे पाहणं जास्त योग्य. नाहीतर मॅनेजर जुनी मशीन बदलायचंच टाळेल.

## ७. गाठ थांबवायची की विकायची

उणे ७.१ शून्यावर आणायचा तर १२ टक्के दराने ७११ लाखांपेक्षा जास्त भांडवल परवडत नाही. म्हणजे सरासरी ५९ लाख कमी हवेत. बारा महिन्यांची बेरीज धरली तर ७०८. एवढं कुठून काढायचं? जुलै-ऑगस्टमध्ये काढायला काहीच नाही. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या तीन महिन्यांच्या अखेरीला प्रत्येकी २३६ लाख कमी असते तर काम झालं असतं. रुईचा भाव खंडीला ५४,००० रुपये धरला, तर ३५६ किलोच्या खंडीवरून १७० किलोची गाठ सुमारे २५,८०० रुपयांची होते. २३६ लाख म्हणजे साधारण ९१५ गाठी. डिसेंबरअखेर गोदामात जवळपास २,४०० गाठी होत्या, त्यांतल्या या ९१५ गाठी थांबवायच्या नव्हत्या, एवढाच त्याचा अर्थ.

पण थांबवल्याने भाव मिळाला असेल तर? तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तरही याच हिशेबातून निघतं. ५४,००० रुपयांच्या खंडीवर महिन्याला १ टक्का म्हणजे ५४० रुपये भार, असं पटकन म्हटलं जातं. ते अपुरं आहे. आपले १२ टक्के करानंतरचे आहेत, आणि भाववाढीचा फायदा करपात्र. म्हणून १२ ला ०.७४८३ ने भागा. करपूर्व दर १६.०४ टक्के येतो. महिन्याला खंडीमागे सुमारे ७२० रुपये. तीन महिने थांबायचं असेल तर भाव किमान २,१६० रुपयांनी चढायला हवा, म्हणजे ५६,१६० च्या वर. शिवाय गोदामाचा आणि विम्याचा खर्च, आणि वजनात घट आली तर तीही.

हा आकडा शीटमध्ये एका ओळीत ठेवता येतो. ए२ मध्ये आजचा भाव, बी२ मध्ये करपूर्व दर टक्क्याच्या चिन्हासह, सी२ मध्ये महिने:

```
=A2*(1+B2*C2/12)
```

येणारा भाव हंगाम सुरू होतानाच फळ्यावर लिहून ठेवा: आजचा, एक महिन्यानंतरचा, दोन, तीन. सौद्याचा फोन आला की समोरचा भाव त्याच्याशी ताडून पाहा. दर सोमवारी ए२ बदला. सरकीलाही हीच ओळ लावा, फक्त भाव क्विंटलचा घ्या. सरकी साठवणीत तापते आणि तिचा दर्जा उतरतो, म्हणून तिच्या ओळीत त्या घटीसाठी वेगळी रक्कम मिळवा.

दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत मागच्या महिन्याची स्टॉक स्टेटमेंट तयार होतेच. तीच हातात असताना त्या महिन्याचं खेळतं भांडवल शीटमध्ये भरा, त्यात स्थावरचे ३०० मिळवा आणि १ टक्का भार युनिटच्या मॅनेजरला कळवा. डिसेंबरमध्ये तो १५.९ लाख असेल, ऑगस्टमध्ये ३.५. मार्च संपल्यावर हिशेब काढला तर गाठी विकून झालेल्या असतात. जानेवारीच्या ५ तारखेला १५.९ हा आकडा समोर आला तर त्या २,४०० गाठींबद्दल अजून काही ठरवता येतं.